ओंकार, पहिल्या पगाराच्या निमित्ताने

प्रिय ओंकार,

ताईचा फोन आला, तुझा पहिला पगार जमा झाला म्हणाली, आवाजात काय आनंद होता तिच्या. माझंही मन भरून आलं. या महिन्यात तुला जे घ्यायचंय ते घे, आईबाबांसाठी घे, मित्रांवर उडव, त्यात मी काही बोलणार नाही. पण पुढच्या पगाराच्या आधी हे पत्र एकदा नीट वाच, कारण यातली गोष्ट जितक्या लवकर कळते तितकी जास्त कामाला येते.

चक्रवाढ व्याज शाळेत शिकलायस, फॉर्म्युला पाठ होता, मार्कही मिळाले असतील. पण परीक्षेत दोन-तीन वर्षांचंच गणित घालतात आणि तिथे सरळव्याज आणि चक्रवाढ यात फरकच पडत नाही फारसा, त्यामुळे त्याची ताकद कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आता हे बघ. 1 लाख रुपये वर्षाला 8 टक्क्यांनी ठेवले. पहिल्या वर्षी व्याज 8,000. दुसऱ्या वर्षी 8,640. हे वरचे 640 कुठून आले तर आधीच्या 8,000 व्याजावर मिळालेलं व्याज आहे ते. दिसायला किरकोळ, पण सगळा खेळ या 640चाच आहे. काहीच न काढता राहू दिलं तर 10 वर्षांनी होतात साधारण 2.16 लाख, 20 वर्षांनी 4.66, 30 वर्षांनी 10.06 आणि 40 वर्षांनी 21.72 लाख. सरळव्याज असतं तर 40 वर्षांनी फक्त 4.2 लाख झाले असते! आणि अजून एक बघ, पहिल्या दहा वर्षांत वाढले सव्वा लाखाच्याही आत, शेवटच्या दहा वर्षांत साडेअकरा लाखांच्या वर. तेच पैसे, तोच दर. म्हणून सुरुवातीची वर्षं कंटाळवाणी जातात आणि लोक तिथेच सोडून देतात.

तोंडी हिशोबासाठी 72 चा नियम लक्षात ठेव. 72 ला व्याजदराने भागायचं, तितक्या वर्षांत पैसे साधारण दुप्पट. 8 टक्के असेल तर 9 वर्षं, 6 टक्के असेल तर 12. जुना आहे हा नियम, 1494 साली इटलीत लुका पाचोलीने छापलेल्या गणिताच्या ग्रंथातसुद्धा सापडतो. याचा उलटाही उपयोग होतो. उद्या कुणी ऑफिसातला ओळखीचा येऊन म्हणाला की दोन वर्षांत पैसे डबल, तर 72 भागिले 2, म्हणजे वर्षाला निदान 36 टक्के. असा परतावा खात्रीने देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कितीही जवळचा असला तरी.

आता तुझा हिशोब. तू 23 चा आहेस. समज महिन्याला 5,000 बाजूला टाकलेस, 60 व्या वर्षापर्यंत, वर्षाला 8 टक्के धरून आणि व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवत. (दर नुसता हिशोबाला धरलाय, कोणी एवढी वर्षं तोच दर देईल असं नाही, एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त, शेअर बाजाराशी जोडलेलं काही घेतलंस तर एखाद्या वर्षी चक्क उणे.) तुझ्या खिशातून जातील 22.2 लाख आणि हातात येतील जवळपास 1 कोटी 36 लाख. आता हेच 33 व्या वर्षी सुरू केलंस, बाकी सगळं तसंच, तर खिशातून जातील 16.2 लाख आणि मिळतील साधारण 57 लाख. म्हणजे पहिल्या दहा वर्षांत टाकलेले 6 लाखच शेवटी 79 लाखांच्या आसपास जातात. नंतर पगार वाढला की जास्त टाकू असं सगळेच म्हणतात, पण ही दहा वर्षं पगारवाढीने परत येत नाहीत रे.

आणि खरी परीक्षा 33 व्या वर्षीच असते. तोपर्यंत तुझ्याकडे 9 लाख जमलेले असतील, आणि नेमकं तेव्हाच गाडी, घराचं इंटिरियर, कुणाचं तरी लग्न, सगळं समोर येतं आणि हातात ही रक्कम दिसत असते. तेव्हा आठव, हे नुसते 9 लाख नाहीत, तेच पुढे 79 लाख होणार आहेत. म्हणूनच माझा आग्रह आहे की गुंतवणुकीच्याही आधी सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात जमव, लगेच काढता येईल अशी. नोकरी गेली, घरात आजारपण आलं तर तिथून काढायचं, या दुसऱ्या पैशाला हात लावायचा नाही. चक्रवाढ मोडते ती बहुतेक वेळा अशा अडीअडचणीतच.

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भर. पूर्ण म्हणजे पूर्ण, मिनिमम ड्यू नाही. तिथे हीच चक्रवाढ तुझ्या विरुद्ध चालते. महिन्याला 3 टक्के ऐकायला कमी वाटतं, पण 50,000 थकवून वर्षभर काहीच भरलं नाही तर नुसत्या व्याजानेच ते 71,000 च्या वर जातात, दंड वेगळा. 8 टक्के कमवायचे आणि तिकडे असलं व्याज भरायचं याला काहीच अर्थ नाही, आधी ते कर्ज फेडायचं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो नाहीतर कोटीचा आकडा बघून तू हुरळून जाशील. महागाईपण चक्रवाढीनेच वाढते. ती वर्षाला 5 टक्के धरली तर 37 वर्षांनंतरच्या त्या 1 कोटी 36 लाखांत आजच्या साधारण 22 लाखांचं सामान येईल. वाईट वाटलं ना? म्हणून दरवर्षी पगार वाढला की हप्ताही वाढवायचा. दर वर्षी नुसता 5 टक्क्यांनी वाढवलास तरी शेवटी अडीच कोटींच्या जवळ जातोस, म्हणजे आजच्या किमतीत 40 लाख. आणि नुसते घरात किंवा साध्या बचत खात्यात पडून असलेले पैसे मात्र दरवर्षी गुपचूप झिजतात, लांबच्या पैशाला ती जागा नाही.

फी बघत जा. कोणी गुंतवणुकीवर वर्षाला 1 टक्का घेतो म्हणाला की एकच तर टक्का असं वाटतं. वरच्याच 1 लाखाला 8 ऐवजी 7 टक्के मिळाले तर 40 वर्षांनी 21.72 ऐवजी 14.97 लाख. एका टक्क्यात पावणेसात लाख गेले! कागदावर सही करायच्या आधी सगळे चार्जेस लिहून माग, आणि जे समजत नाही ते घेऊच नको.

हे सगळं रोज मनाला समजावत बसायची गरज नाही. पगार ज्या दिवशी जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी 5,000 आपोआप वळते होतील अशी बँकेत सूचना देऊन ठेव, उरेल त्यात महिना काढ. महिनाअखेरी उरलं तर टाकू म्हटलं की काही उरत नाही. 5,000 जड वाटत असतील तर 2,000 ने सुरू कर, पण पुढच्या पगारापासूनच कर. पैसे नेमके कुठे ठेवायचे ते रविवारी फोनवर बोलू, तोपर्यंत सहा महिन्यांचा खर्च किती होतो तेवढा काढून ठेव, भाडं, जेवण, प्रवास सगळं धरून.

तुझा,
मामा