पॉवर बँकेवरचा आकडा आणि फोनला मिळणारी वीज: नऊ स्लाइडचा मजकूर आणि कॅप्शन

स्लाइड १

खोक्यावर १०,००० एमएएच लिहिलेले असते. त्यातले फोनला किती मिळतात?

आमच्या नव्या पॉवर बँकेची ओळख आम्ही याच प्रश्नापासून करून देत आहोत.

स्लाइड २

पोर्टमधून ६,३०० एमएएच बाहेर पडतात.

आतल्या सेलची क्षमता ३.७ व्होल्टला १०,००० एमएएच आहे आणि पोर्टमधून ५ व्होल्टला मिळणारी क्षमता ६,३०० एमएएच आहे. हे दोन्ही आकडे आम्ही पॉवर बँकेच्या दर्शनी बाजूवर, एकाच आकाराच्या अक्षरांत छापले आहेत.

स्लाइड ३

तुमचा फोन किती वेळा चार्ज होईल?

५,००० एमएएच बॅटरीचा फोन एकदा पूर्ण चार्ज होईल आणि दुसऱ्या वेळी साधारण ४० टक्क्यांपर्यंत जाईल. ३,५०० एमएएच बॅटरीचा फोन जवळजवळ दोनदा पूर्ण चार्ज होईल. चार्जिंग चालू असताना फोन वापरला, तर हे प्रमाण कमी होईल.

स्लाइड ४

टाइप-सी पोर्टमधून २० वॉटपर्यंत जलद चार्जिंग होते.

याच पोर्टमधून पॉवर बँकही चार्ज होते. १८ वॉटचा किंवा त्याहून मोठा जलद चार्जर वापरल्यास तिला सुमारे तीन तास लागतात. ५ वॉटच्या जुन्या चार्जरने मात्र नऊ तासांच्या आसपास लागतात.

स्लाइड ५

दोन उपकरणे एकाच वेळी जोडता येतात. मात्र त्या वेळी जलद चार्जिंग थांबते.

दोन्ही पोर्ट वापरात असताना एकूण १५ वॉट उपलब्ध होतात आणि ते दोन उपकरणांत विभागले जातात. घाई असेल, तर एका वेळी एकच फोन जोडावा.

स्लाइड ६

इअरबड आणि घड्याळासाठी बटण दोनदा दाबा.

स्क्रीनशेजारी हिरवा दिवा लागला, की कमी प्रवाहाचे चार्जिंग सुरू झाले असे समजावे. ते दोन तास चालू राहते आणि नंतर आपोआप बंद होते.

स्लाइड ७

शिल्लक किती आहे, ते टक्क्यांत दिसते.

चार ठिपक्यांऐवजी येथे आकडा आहे. आतला तापमापक संवेदक सेलवर सतत लक्ष ठेवतो, आणि सेलचे तापमान ० अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ४५ अंशांच्या वर गेले, तर पॉवर बँक स्वतः चार्ज होणे थांबवते.

स्लाइड ८

विमानप्रवासात ही पॉवर बँक सोबतच्या बॅगेत ठेवा; चेक-इन सामानात ठेवू नका.

तिची ऊर्जा ३७ वॉट-तास आहे. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेसाठी सर्वसाधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही. विमानात ती वापरता येईल की नाही, हे मात्र तुमच्या विमान कंपनीच्या नियमांत पाहून घ्या.

स्लाइड ९

या पॉवर बँकेत काय नाही?

हिच्यात वायरलेस चार्जिंग नाही. बहुतेक लॅपटॉपना २० वॉट पुरत नाहीत, म्हणून लॅपटॉपसाठी हिचा विचार करू नये. आकड्यांमागची कारणे कॅप्शनमध्ये दिली आहेत.

---

कॅप्शन

१०,००० मधले उरलेले ३,७०० एमएएच कुठे जातात, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागे फसवले गेल्याची भावना असते. ती भावना आम्हाला रास्त वाटते, कारण मोठा आकडा समोर आणि खरा आकडा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापायचा, ही पद्धत या बाजारात रुळून गेली आहे.

एमएएच हा आकडा व्होल्टशिवाय अपुरा असतो. लिथियम-आयन सेल सरासरी ३.७ व्होल्टने काम करतो. १०,००० एमएएचला ३.७ ने गुणून १,००० ने भागले, की ३७ वॉट-तास मिळतात, आणि पॉवर बँकेत साठलेली खरी ऊर्जा तेवढीच असते. यूएसबी पोर्टला किमान ५ व्होल्ट लागतात. तेवढ्याच ऊर्जेचा व्होल्टेज वाढवला, की एमएएच घटतात, त्यामुळे काहीही वाया गेले नाही असे धरले तरी ७,४०० एमएएचच उरतात. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमध्ये आणि केबलमध्ये थोडी वीज उष्णतेच्या रूपाने खर्च होते, म्हणून चार्जिंगच्या वेळी पॉवर बँक कोमट लागते. ही घट धरून दुसऱ्या स्लाइडवरचा ६,३०० हा आकडा येतो. फोनमध्ये शिरताना आणखी काही वीज खर्च होते. तिसऱ्या स्लाइडवरचा हिशेब तीही घट धरून केला आहे. दुसऱ्या कोणाची पॉवर बँक घ्यायची असली, तरी तिच्या मागच्या बाजूवर ५ व्होल्टपुढे लिहिलेली क्षमता आधी शोधा. तुलना करायची ती त्याच आकड्यांची.

दोन्ही पोर्ट एकत्र वापरताना वेग का कमी होतो, याचे कारण सुरक्षिततेचे आहे. जलद चार्जिंगमध्ये फोन आणि पॉवर बँक आपापसांत ठरवून व्होल्टेज ९ पर्यंत नेतात. या पॉवर बँकेत व्होल्टेज बदलणारे सर्किट एकच आहे. शेजारच्या पोर्टला ५ व्होल्टचे साधे उपकरण जोडलेले असताना तेथे ९ व्होल्ट पोहोचणे धोक्याचे ठरेल, म्हणून दुसरी केबल जोडताच सर्किट दोन्ही पोर्ट ५ व्होल्टवर आणते. दोन स्वतंत्र सर्किट बसवली असती, तर वजन आणि जाडी वाढली असती, आणि रोज खिशात किंवा पर्समध्ये राहणाऱ्या वस्तूसाठी आम्हाला तो सौदा योग्य वाटला नाही.

सहाव्या स्लाइडवरची सोय दिसायला किरकोळ आहे, पण तिच्याअभावी होणारी चिडचिड अनेकांच्या ओळखीची असेल. इअरबडची डबी चार्जिंगला लावून झोपावे आणि सकाळी ती रिकामीच सापडावी, असे घडते ते डबी बिघडल्यामुळे नव्हे. ती इतका कमी प्रवाह ओढते, की काहीच जोडलेले नाही असे समजून पॉवर बँक स्वतःला बंद करते. बटण दोनदा दाबल्यावर हे आपोआप बंद होणे दोन तासांसाठी थांबते. फोन चार्ज करताना याची गरज नसते.

तापमानाची मर्यादाही आम्ही विचारपूर्वक ठेवली आहे. गोठणबिंदूखाली लिथियम-आयन सेल चार्ज केला, तर त्याच्या ऋण ध्रुवावर धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो, आणि ते नुकसान नंतर भरून निघत नाही. अति उष्णतेने सेल लवकर म्हातारा होतो, म्हणून उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पॉवर बँक ठेवून जाऊ नका. बरेच दिवस वापरायची नसेल, तर ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्यावर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी स्क्रीनवरचा आकडा पाहत जा. ती फुगलेली दिसली, तर तिचा वापर त्याच क्षणी थांबवा. ती टोचू किंवा दाबू नका, चार्जिंगला लावू नका, आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या.

सामानाच्या नियमामागेही हेच कारण आहे. प्रवासी कक्षात एखाद्या सेलने पेट घेतला, तर तो लगेच लक्षात येतो आणि कर्मचारी त्याच्यापर्यंत पोहोचू शकतात; विमानाच्या पोटातल्या सामानापर्यंत उड्डाणात पोहोचणे शक्य नसते.

वायरलेस चार्जिंग आम्ही मुद्दाम वगळले. त्यात केबलच्या तुलनेत जास्त वीज उष्णतेत जाते, आणि मोजकीच ऊर्जा सोबत घेऊन फिरणाऱ्या वस्तूत ती अशी खर्च होऊ देणे आम्हाला पटले नाही. ज्यांना त्या सोयीचीच गरज आहे, त्यांनी दुसरे मॉडेल निवडावे, असे आम्ही मोकळेपणाने सुचवतो.

तुमच्या फोनची बॅटरी किती एमएएचची आहे, ते खाली लिहा. तो या पॉवर बँकेवर किती वेळा चार्ज होईल, याचा हिशेब आम्ही प्रत्येकाला मांडून दाखवू. प्रवासाला निघण्यापूर्वी लागेल म्हणून आठवी स्लाइड जतन करून ठेवा.

#पॉवरबँक #मोबाइलचार्जिंग #जलदचार्जिंग #बॅटरीचीकाळजी

---

चित्रांचे पर्यायी वर्णन (स्क्रीन-रीडर वापरणाऱ्या वाचकांसाठी)

स्लाइड २: गडद राखाडी रंगाची, तळहाताएवढी पॉवर बँक समोरून दिसते. तिच्यावर एकाखाली एक दोन ओळी आहेत: वर १०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट आणि खाली ६,३०० एमएएच, ५ व्होल्ट. दोन्ही ओळींतील अक्षरांचा आकार सारखा आहे.

स्लाइड ५: पॉवर बँकेच्या वरच्या कडेला दोन पोर्ट आहेत. डावीकडच्या लहान, लंबगोल टाइप-सी पोर्टला फोन जोडला आहे आणि उजवीकडच्या रुंद, चौकोनी पोर्टला दुसरा फोन जोडला आहे. दोन्ही केबलवर ५ व्होल्ट असे लिहिले आहे.

स्लाइड ६: अंगठा बाजूच्या बटणावर आहे. स्क्रीनवर ६८ हा आकडा आहे, त्याच्या शेजारी छोटा हिरवा दिवा लागला आहे आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला इअरबडची डबी आहे.

स्लाइड ८: पाठीवरच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात पॉवर बँक ठेवलेली आहे. शेजारी चाकांची मोठी सूटकेस आहे आणि तिच्यावर लाल फुली मारलेली आहे.