आण्णा, दुपारच्या फोनबद्दल
आण्णा, दुपारी तुमच्यावर खेकसलो, ते चुकलंच माझं. महिनाअखेरचा हिशेब जुळत नव्हता, साहेब डोक्यावर उभे होते. पण त्यात तुमचा काय दोष? सोयाबीन आत्ताच मोंढ्यावर न्यावं का थांबावं, एवढंच तर विचारत होतात. "कामात आहे, कळत नाही का" असं मी तुम्हाला बोलायलाच नको होतं. तुम्ही नुसतं "बरं, ठेवतो" म्हणालात, ते सारखं कानात घुमतंय. माफ करा मला.

सोयाबीन अजून चांगलं ऊन खाऊ द्या. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी भाव कापतात. उद्या सकाळी धारा काढून झाल्या की मीच फोन करतो, निवांत बोलू. आईला सांगा, जेवलोय.