प्रकरण ४, विभाग ४.३ : प्रतिमानाची जुळणी

पडताळलेल्या प्रतिमानात चार सुप्त चल आहेत : मुख्याध्यापकांचा पाठिंबा, कामाचा बोजा, भावनिक थकवा आणि बदली मागण्याची इच्छा. प्रत्येक चलासाठी पाच-बिंदू श्रेणीची चार विधाने होती. सातारा व सोलापूर जिल्ह्यांतील जिल्हा परिषद प्राथमिक शाळांच्या ४१२ शिक्षकांचे प्रतिसाद महत्तम संभाव्यता पद्धतीने विश्लेषित केले. पाठिंबा आणि बोजा यांचा बदलीच्या इच्छेवरील परिणाम पूर्णपणे थकव्यातूनच होतो, असे प्रतिमान ‘अ’ मानते. प्रतिमान ‘ब’ त्यात पाठिंब्यापासून इच्छेकडे जाणारा एक थेट मार्ग जोडते. दोन्ही प्रतिमाने संशोधन आराखड्यातच मांडलेली होती.

| प्रतिमान | χ² | स्वातंत्र्यांश | सीएफआय | टीएलआय | आरएमएसईए | एसआरएमआर |
|---|---|---|---|---|---|---|
| मापन | २३६.२ | ९८ | ०.९४५ | ०.९३३ | ०.०५९ | ०.०४७ |
| अ | २४६.८ | १०० | ०.९४२ | ०.९३० | ०.०६० | ०.०५१ |
| ब | २३८.१ | ९९ | ०.९४५ | ०.९३३ | ०.०५८ | ०.०४८ |

काय-वर्ग कसोटी तिन्ही प्रतिमाने नाकारते (p < ०.००१). नमुना मोठा असला की ही कसोटी किरकोळ विसंगतीही पकडते, हे खरे. पण तेवढ्यावरून तिचा निकाल बाजूला सारणे मला योग्य वाटत नाही. प्रतिमान आणि आधारसामग्री यांत फरक आहे. प्रश्न उरतो तो त्या फरकाच्या आकाराचा आणि जागेचा.

आकार पाहण्यासाठी हू आणि बेंटलर यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या मर्यादा सर्वाधिक वापरल्या जातात : सीएफआय व टीएलआय ०.९५ च्या आसपास किंवा वर, आरएमएसईए ०.०६ च्या आसपास किंवा खाली, एसआरएमआर ०.०८ च्या आसपास किंवा खाली. प्रतिमान ‘ब’चे आरएमएसईए आणि एसआरएमआर या मर्यादांत बसतात, तर सीएफआय व टीएलआय कमी पडतात. ०.९० ही जुनी, सैल मर्यादा मात्र ते ओलांडतात. या मर्यादा ठरावीक रचनेच्या घटक-प्रतिमानांवरील अनुकरण-अभ्यासांतून आल्या आहेत. विधानांचे भारांक किंवा नमुन्याचा आकार बदलला की त्यांचा अर्थही बदलतो. म्हणून येथे त्यांचा उपयोग संदर्भापुरता केला आहे, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यासाठी नाही. प्रतिमान ‘अ’च्या आरएमएसईएचा ९० टक्के विश्वास-अंतराल ०.०५० ते ०.०६९ आहे, म्हणजे एकट्या बिंदू-मूल्यावर फार भार टाकता येत नाही.

जागेबाबत तक्ता अधिक बोलका आहे. ‘ब’च्या २३८.१ या काय-वर्गापैकी २३६.२ मापन प्रतिमानातच आहे. म्हणजे विसंगती मुख्यतः विधानांच्या गटबांधणीत आहे, चलांमधील मार्गांत नाही. सर्वांत मोठे अवशेष बोज्याच्या दोन विधानांमध्ये आढळले : ‘सर्वेक्षणाची कामे मला वर्गातून उठवून नेतात’ आणि ‘ऑनलाइन माहिती भरण्यात माझा शिकवण्याचा वेळ जातो’. उरलेली दोन विधाने वर्गातल्या कामाची आहेत, ही दोन अशैक्षणिक कामांची. त्यामुळे बोजा हा एकच चल आहे का, ही शंका रास्त ठरते. या दोन विधानांच्या त्रुटींमध्ये सहसंबंध मोकळा सोडला असता काय-वर्ग २०४.७ (स्वातंत्र्यांश ९८) झाला, सीएफआय ०.९५८ आणि आरएमएसईए ०.०५१. आकडे चांगले दिसतात, तरीही तो बदल मी अंतिम प्रतिमानात घेतलेला नाही. तो आकडे पाहून सुचला होता, आणि याच नमुन्यावर त्याची खातरजमा होऊ शकत नाही. नव्या नमुन्यावर आधी बोज्याचे दोन चल करून पाहावे लागतील.

‘अ’ आणि ‘ब’ यांतील फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय आहे (Δχ² = ८.७, स्वातंत्र्यांश १, p = ०.००३), परंतु सीएफआयमध्ये तो केवळ ०.००३ भरतो. थेट मार्गाचा प्रमाणित गुणांक −०.१७ आहे. या आधारसामग्रीशी ‘ब’ तुलनेने अधिक सुसंगत आहे आणि त्याची जुळणी ढोबळमानाने स्वीकारार्ह आहे, इतकेच येथे म्हणता येते. प्रतिमान ‘सिद्ध झाले’ असे या प्रबंधात कोठेही म्हटलेले नाही.

त्याला आणखी एक कारण आहे. बाण उलटे करून, म्हणजे थकलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापकांचा पाठिंबा कमी आणि कामाचा बोजा जास्त जाणवतो असे मानून, पाठिंबा व बोजा यांच्या अवशेषांत सहसंबंध ठेवला, तरी ‘ब’इतकेच काय-वर्ग आणि तेच निर्देशांक मिळतात. सर्व प्रतिसाद एकाच वेळी घेतलेले असल्याने या दोन वाचनांत निवड करणे जुळणीच्या आकड्यांना शक्य नाही. पुढील विभागातील मार्ग-गुणांक त्यामुळे ‘संबंध’ म्हणूनच वाचावेत. दोन जिल्ह्यांत मापन समान आहे का, हेही तपासलेले नाही. साताऱ्यातून १४८ च प्रतिसाद आले, आणि तेवढ्यावर सोळा विधानांची वेगळी पडताळणी मला विश्वासार्ह वाटली नाही.