करनिर्धारण आदेशाविरुद्ध प्रथम अपील: वस्तुस्थितीचे निवेदन आणि अपिलाची कारणे

आयकर आयुक्त (अपील), नॅशनल फेसलेस अपील सेंटर यांच्यासमोर
आयकर अधिनियम 1961, कलम 246A, फॉर्म 35
करनिर्धारण वर्ष 2022-23

(पोर्टलवर इंग्रजी प्रत चढवली जाईल. अपीलकर्त्याने सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा स्वतः वाचून घ्यावा, म्हणून हा मराठी मजकूर केला आहे. नाव, पॅन व पत्ता फॉर्मच्या पहिल्या भागात आहेत.)

वस्तुस्थिती

अपीलकर्ता निपाणी तालुक्यातील शेतकरी आहे. त्याच्या नावे साडेसहा एकर जमीन असून गावातच पशुखाद्याचे दुकान आहे. दुकानाची उलाढाल 26,00,000 रुपये दाखवून कलम 44AD खाली 2,60,000 रुपये नफा, बँकेचे व्याज 18,400 रुपये, असे 2,78,400 रुपयांचे विवरणपत्र त्याने 28 जुलै 2022 रोजी भरले. शेतीचे निव्वळ उत्पन्न 3,60,000 रुपये त्यात स्वतंत्र दाखवले आहे. ते दराच्या हिशोबात धरूनही कलम 87A च्या सवलतीमुळे कर शून्य येत होता. त्यामुळे कलम 249(4) प्रमाणे अपिलाआधी भरायचा कर काही नाही.

2 जून 2023 रोजी कलम 143(2) ची नोटीस आली. आर्थिक वर्ष 2021-22 मध्ये बचत खात्यात भरलेले 11,90,000 रुपये रोख कुठून आले, एवढाच प्रश्न होता. 14 मार्च 2024 च्या आदेशाने ही सगळी रक्कम कलम 69A खाली उत्पन्नात मिळवली आणि कलम 115BBE चा दर लावला. अधिभार व उपकर धरून नुसत्या या रकमेवरचा कर 9,28,200 रुपये होतो. बाकी कर व व्याज धरून मागणी 11,58,290 रुपयांची आहे. आदेश व मागणीची नोटीस त्याच दिवशी पोर्टलवर मिळाली. हे अपील 8 एप्रिल 2024 रोजी, म्हणजे 30 दिवसांच्या आत, 1,000 रुपये शुल्क भरून दाखल होत आहे.

रकमेचा उगम असा.

6,10,000 रुपये तंबाखूचे आहेत. ऑगस्ट-सप्टेंबर 2020 मध्ये लावलेला बिडी तंबाखू जानेवारी-फेब्रुवारीत काढून शेतातच वाळवला. 4,880 किलो माल सरासरी 125 रुपये दराने निपाणीच्या दलालामार्फत 6, 12, 17 आणि 22 एप्रिल 2021 रोजी विकला. चार पट्ट्या 1,62,000, 1,48,000, 1,71,000 आणि 1,29,000 रुपयांच्या आहेत. प्रत्येक पट्टीचे पैसे पाच दिवसांच्या आत खात्यात आले आहेत. खर्च 2,50,000 रुपये वजा जाता विवरणपत्रातले 3,60,000 रुपयेच उरतात. पट्टी आणि खातेउतारा शेजारी ठेवले की हे आपोआप दिसते. आदेशात ते शेजारी ठेवलेले दिसत नाहीत.

करनिर्धारण अधिकाऱ्यांनी 2021-22 ची पहाणी पाहिली आणि तीत तंबाखूची नोंद नाही, ऊस आहे, असे लिहिले. ते खरेच आहे. पण एप्रिल 2021 मध्ये विकलेले पीक 2020-21 च्या पहाणीत असणार, पुढच्या वर्षीच्या नाही. 2020-21 च्या पहाणीत पीक रकान्यात तंबाखूच आहे. ऊस जुलै 2021 मध्ये लावला. तो पुढच्या गळीत हंगामात गेला, या वर्षी त्याचा एक रुपयाही आलेला नाही.

2,75,000 रुपये याच खात्यातून काढलेले परत भरले आहेत. शेजारची एक एकर जमीन घ्यायची म्हणून 19 नोव्हेंबर 2021 रोजी विसारासाठी 3,00,000 रुपये काढले. विकणाऱ्याच्या भावांचे जमले नाही, व्यवहार मोडला आणि 27 डिसेंबरला पैसे परत भरले. मधल्या 38 दिवसांत ही रक्कम दुसरीकडे कुठे गेल्याची नोंद आदेशात नाही.

2,80,000 रुपये दुकानाच्या विक्रीचे. मे-जून 2021 मध्ये लॉकडाऊन होते आणि चालू खाते असलेल्या निपाणीच्या शाखेपर्यंत जाणे अवघड होते, म्हणून गल्ला गावच्या शाखेतील बचत खात्यात भरला. चालू खात्यातली रोख 19,20,000, डिजिटल जमा 4,00,000 आणि हे 2,80,000, मिळून उलाढाल 26,00,000 रुपये.

उरले 25,000 रुपये. ते घरातल्या शिल्लकीचे आहेत, त्याला कागद नाही, आणि अपीलकर्ता तसा आवही आणत नाही. दोन कामांवर चालणाऱ्या घरात वर्षभरात एवढी रोख साठणे अस्वाभाविक नाही, एवढेच म्हणणे आहे.

5 मार्च 2024 रोजी संध्याकाळी कारणे दाखवा नोटीस आली. उत्तराची मुदत 8 मार्च, म्हणजे महाशिवरात्रीची सुट्टी. तरीही अपीलकर्त्याने त्याच दिवशी दोन्ही वर्षांच्या पहाण्या, चार पट्ट्या आणि खातेउतारे चढवले व व्हिडिओ सुनावणी मागितली. पहाणी कन्नडमध्ये, पट्टी मराठीत. सीमाभागात दोन्ही असेच मिळतात. "कागद प्रादेशिक भाषेत आहेत, विचारात घेता येत नाहीत" असे आदेशात एका वाक्यात लिहिले आहे. भाषांतर मागितले नाही, सुनावणीही दिली नाही.

अपिलाची कारणे

1. एकाच आदेशात करनिर्धारण अधिकाऱ्यांनी हिशोबाच्या तक्त्यात शेतीचे 3,60,000 रुपये दरासाठी मान्य केले आणि त्याच शेतीच्या मालाचे 6,10,000 रुपये कलम 69A खाली अस्पष्टीकृत ठरवले. दोन्ही एकत्र टिकत नाहीत. तंबाखू वाळवून विक्रीयोग्य करणे ही शेतकऱ्याची नेहमीची प्रक्रिया असल्याने विक्रीची रक्कम कलम 10(1) प्रमाणे करमुक्त आहे. प्रत्येक विक्री 2 लाखांच्या आतली असल्याने रोखीने पैसे घेतले यावरून विरुद्ध निष्कर्ष काढता येत नाही.

2. पीक कोणत्या वर्षीच्या पहाणीत शोधायचे यातच चूक झाली आहे. रेकॉर्डवर असलेली 2020-21 ची पहाणी वाचलीच गेली नाही.

3. त्याच खात्यातून काढलेली व परत भरलेली 2,75,000 रुपयांची रक्कम नवे उत्पन्न होऊ शकत नाही. ती मधल्या काळात खर्च झाली असे म्हणण्यास आदेशात पुरावा नाही.

4. उलाढाल 26,00,000 रुपये जशीच्या तशी मान्य केली असताना तिच्यातलेच 2,80,000 रुपये पुन्हा मिळवणे म्हणजे त्याच पैशावर दोनदा कर.

5. कलम 144B(6) प्रमाणे मागितलेली व्हिडिओ सुनावणी न देता आणि भाषांतराची संधी न देता काढलेला आदेश नैसर्गिक न्यायाला धरून नाही.

6. पर्यायाने, काही रक्कम टिकलीच तर ती 25,000 रुपयांपेक्षा जास्त असू नये. कलम 234B चे व्याजही त्या प्रमाणात कमी व्हावे.

नियम 46A खालील विनंती

दोन्ही पहाण्या व चार पट्ट्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे, दलालाचे पुष्टीपत्र आणि दुकानाच्या जमेचा महिनावार तक्ता नव्याने जोडले आहेत. पहाण्या, पट्ट्या व खातेउतारे आधीच रेकॉर्डवर होते; नवीन आहे ते त्यांचे वाचन सोपे करणारे. तीन दिवसांत, तेही सुट्टीसह, भाषांतर व पुष्टीपत्र मिळवणे शक्य नव्हते, म्हणून नियम 46A(1) च्या उपखंड (ब) आणि (ड) खाली ते दाखल करून घ्यावेत. करनिर्धारण अधिकाऱ्यांचे म्हणणे मागवायला अपीलकर्त्याची हरकत नाही.

प्रार्थना

कलम 69A खालील 11,90,000 रुपयांची वाढ रद्द करावी, 2,78,400 रुपयांचे उत्पन्न कायम करावे आणि निर्णयापूर्वी व्हिडिओ सुनावणी द्यावी. मागणीच्या स्थगितीसाठी कलम 220(6) चा अर्ज करनिर्धारण अधिकाऱ्यांकडे वेगळा केला आहे.

सत्यापन

वरील वस्तुस्थिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. मूळ पट्ट्या माझ्याकडे असून मागितल्यास सादर करीन.

अपीलकर्ता
निपाणी, जिल्हा बेळगाव
8 एप्रिल 2024