विषय: तिसरा टप्पा लांबलाय, स्टोअरच्या तपासणीत अडकला आहे (२६ सप्टेंबरची स्थिती)

नमस्कार काका,

काल, २५ तारखेला, अ‍ॅप दोन्ही स्टोअरवर दिसायला हवं होतं. ते झालेलं नाही. अ‍ॅपचं काम पूर्ण आहे, पण स्टोअरची मंजुरी बाकी आहे. आता आयफोनवर साधारण ३० सप्टेंबर आणि अँड्रॉइडवर १२ ऑक्टोबर धरून चला. दिवाळीच्या सुट्ट्यांचं बुकिंग सुरू व्हायच्या आत दोन्ही होईल असा माझा अंदाज आहे. पण तपासणी माझ्या हातात नाही, म्हणून शब्द देत नाही.

आधी आयफोनचं सांगतो. १८ तारखेला रात्री पावणेतीनला रिसेप्शनच्या फोनवर ओटीपी आला आणि तुम्ही सकाळी मला फोटो पाठवलात, "एवढ्या रात्री कोण लॉगिन करतंय?" म्हणून. तो स्टोअरचा तपासणारा माणूस होता. मी त्याला लॉगिनसाठी रिसेप्शनचा नंबर दिला होता. ओटीपी तारकर्लीत वाजला, आणि तो बिचारा तिकडे लॉगिनच्या पडद्यावर बसून राहिला. १९ तारखेला `Guideline 2.1` लावून अ‍ॅप परत आलं. ही चूक सरळ माझी आहे. आता तपासणीसाठी एक वेगळा नंबर केलाय. त्या एकाच नंबरला ठरलेला ओटीपी चालतो, आणि आत खोलीचं एक आणि डॉल्फिन सफरीचं एक अशी दोन नमुना बुकिंगं टाकून ठेवली आहेत.

२० ला पुन्हा पाठवलं, २२ ला पुन्हा परत. या वेळी `5.1.1(v)`. ज्या अ‍ॅपमध्ये खातं उघडता येतं, त्यात ते अ‍ॅपमधूनच काढून टाकताही आलं पाहिजे, असा तो नियम. आपण "खातं बंद करायचं असल्यास फोन करा" असं लिहिलं होतं, ते चालत नाही. आता प्रोफाइलमध्ये 'खातं काढून टाका' हे बटण आहे. ते दाबल्यावर पाहुण्याचं नाव, नंबर आणि फोटो जातात, पण तुमच्या हिशेबासाठी बिलाचा क्रमांक आणि रक्कम राहते. ही गोष्ट बटण दाबण्याआधी तिथेच पाहुण्यालाही कळते. पुढचं बुकिंग शिल्लक असेल तर आधी ते रद्द करायला सांगतो, नाहीतर आगाऊ पैसे भरलेला पाहुणा दारात उभा आणि आपल्याकडे त्याचं नावच नाही, असं व्हायचं.

काल दुपारी तिसऱ्यांदा पाठवलं. आत्ता `Waiting for Review` दिसतंय. मंजूर झालं तरी ते आपोआप बाहेर पडणार नाही, तशी सोय करून ठेवली आहे. तुम्ही "सोड" म्हणालात की सोडतो.

अँड्रॉइडची गोष्ट वेगळी. तुमचं खातं नवीन आणि वैयक्तिक आहे. अशा खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. आपण बरोबर १२ माणसं घेतली होती. तीन-चार जास्त घ्यायला हवी होती, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. नवव्या दिवशी, १९ तारखेला, तुमचा पुतण्या चाचणीतून बाहेर पडला. विचारलं तर म्हणतो, "फोनात जागा होयी होती." दिवस पहिल्यापासून मोजावे लागले. आता १५ जण आहेत, मोजणी २१ तारखेपासून धरली आहे. ४ ऑक्टोबरला १४ दिवस भरतील, ५ ला अर्ज करेन, त्यापुढे आठवडाभर धरलाय.

तोवर बुकिंग अडत नाही. वेबवरचं पान सुरू आहे, खोल्या आणि बोटी दोन्ही तिथून घेता येतात आणि सगळं त्याच कॅलेंडरमध्ये पडतं. त्याचा क्यूआर कोड सोबत जोडलाय, प्रिंट काढून रिसेप्शनवर आणि जेट्टीवरच्या टेबलावर लावा.

कमिशनचं तुम्ही विचारलं होतंत. खोली आणि बोट या अ‍ॅपबाहेर मिळणाऱ्या सेवा, त्यामुळे स्टोअर त्यातून वाटा घेत नाही. यूपीआय आहे तसंच राहील.

या टप्प्याचा ४०,००० चा हप्ता आत्ता मागत नाही, अ‍ॅप दोन्हीकडे दिसल्यावर बघू. दुरुस्त्यांचे वेगळे पैसेही लावत नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. स्टोअरचे मेल तुमच्या पत्त्यावर येतात, ते त्याच दिवशी मला पुढे पाठवा, इंग्रजी वाचत बसू नका. आणि त्या १५ जणांना सांगा, मी कळवेपर्यंत कुणी अ‍ॅप काढायचं नाही की चाचणी सोडायची नाही. पुतण्याला दोनदा सांगा.

पुढचा मेल ३० तारखेला संध्याकाळी, मंजुरी येवो न येवो. आधी काही हललं तर फोन करतोच.

आपला,
सुहास
कुडाळ