शनिवारच्या कार्यक्रमाचे निमंत्रण

जळगाव, दि. ५ डिसेंबर

आदरणीय नाना,

स. न. वि. वि.

आपल्या कारखान्याच्या चटयांचा पहिला कंटेनर परदेशी रवाना झाला, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. एलयूटीचा अर्ज भरण्यापासून शिपिंग बिलाशी एकेक इन्व्हॉइस जुळवण्यापर्यंत या कामात माझाही हात लागला, म्हणून हे यश मला परके वाटत नाही. त्याच आनंदात आपण शनिवारी रात्री फार्महाऊसवर होणाऱ्या बैठकीचे आग्रहाने निमंत्रण दिलेत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. परंतु मी या कार्यक्रमाला येऊ शकणार नाही.

बाहेरगावी जायचे आहे किंवा घरी पाहुणे आहेत असे सांगता आले असते, पण इतक्या वर्षांच्या संबंधात आपल्याला खरे कारणच सांगणे मला योग्य वाटते. मी मद्य घेत नाही आणि ज्या कार्यक्रमात मद्यपान हाच मुख्य भाग असतो, तेथे जात नाही. हा केवळ माझा स्वतःपुरता नियम आहे. आपल्याबद्दल किंवा तेथे येणाऱ्या मंडळींबद्दल माझ्या मनात यत्किंचितही वेगळी भावना नाही, एवढे कृपया मानावे.

"घेऊ नका, नुसते थंड पेय घेऊन बसा," असे आपण प्रेमाने म्हणाल, हे मी जाणतो. तरीही बैठक रंगली की व्यापाराच्या, उधारीच्या, भागीदारांच्या गोष्टी निघतात, आणि ज्याच्याकडे आपले हिशेब विश्वासाने सोपवलेले आहेत, त्याने अशा वेळी तेथे असू नये असे माझे ठाम मत आहे. त्यात आपलेच हित आहे.

आनंद मात्र साजरा व्हायलाच हवा. सध्या बामणोदच्या वांग्यांचा हंगाम आहे. पुढच्या रविवारी, १४ तारखेला, दुपारी आपण वहिनी व मुलांसह आमच्या मळ्यावर यावे. तुराट्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत, सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या असा साधा बेत सौ.ने ठरवला आहे. कारखान्यातील सुपरवायझर आणि पॅकिंगची मंडळीही आली तर मला विशेष आनंद होईल, कारण त्या मालाच्या गाठी वेळेत बांधून दिल्या त्या त्यांनीच.

सोमवारी सकाळी मी कारखान्यावर पेढे घेऊन येतोच आहे. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते, म्हणून नोव्हेंबरच्या विक्रीची बिले व शिपिंग बिलाची प्रत तेवढी काढून ठेवावी. मळ्यावर किती जण येतील, हेही त्याच वेळी कळवावे.

आपला स्नेहांकित,
विवेक
(कर सल्लागार)