वहीतल्या फोटोमधली कविता: वृत्त, यमक आणि पुढचं कडवं

ताई, फोटोत पानाच्या कडेला सावली आहे आणि चौथ्या ओळीवर डाग आहे. तरी कडवं असं लागतं:

नदीच्या किनारी जुनी एक वाडी
तिथे भोवताली फुले, दाट झाडी
पहाटे अभंगात जागे घराणे
जुन्या ओसरीला फुटे गोड गाणे

वृत्त भुजंगप्रयात आहे. ओळीत १२ अक्षरं, चार य-गण, म्हणजे ‘लघु-गुरू-गुरू’ चार वेळा, मात्रा २०. फोड करून पाहा: नदीच्या । किनारी । जुनीए । कवाडी. मनाचे श्लोक याच वृत्तातले, त्यामुळे त्या चालीवर म्हटलं की चुकलेलं अक्षर लगेच खटकतं.

‘जुन्या’मधला ‘जु’ जोडाक्षराआधी आहे म्हणून बरेच जण गुरू धरतात आणि ओळ मोडली असं समजतात. मराठीत ‘जुन्या’, ‘तुझ्या’ असं म्हणताना मागच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ‘जु’ लघुच. ‘सत्य’मधल्या ‘स’वर मात्र आघात येतो, तो गुरू. ‘अभंगात’मधला ‘भं’ अनुस्वारामुळे गुरू.

हाच नियम फोटो वाचायलाही कामी आला. पहिल्या ओळीची वेलांटी पुसट आहे, ‘नदिच्या’ असंही वाचता येतं. पण ‘च्या’चा आघात मागे जात नाही, म्हणजे ‘दि’ लघुच राहील. तिथे गुरू हवा, म्हणून ‘दी’च. डागाखालचं अक्षर ‘ओस’ आणि ‘ला’ यांच्या मधलं, पाचवं. तेही गुरू हवं, म्हणून ‘री’.

यमक जोडीजोडीनं आहे: वाडी–झाडी, घराणे–गाणे. सहाव्या अक्षरानंतर थांबा येतो. तिसऱ्या ओळीत तो ‘अभंगा|त’ असा शब्दाच्या मध्ये पडतो. या कडव्यातली तेवढीच ओळ मला ढिली वाटते.

या कडव्यात पहाट आहे, म्हणून पुढच्यात दुपार आणि सांज घेतली:

दुपारी गुरांना वडाचा निवारा
तळ्याच्या कडेने सुटे गार वारा
तिन्हीसांज होता घरा येति गाई
उभी ओसरीला कधीचीच आई

दुसऱ्या ओळीसाठी आधी ‘तळ्यावरून सुटे गार वारा’ सुचलं होतं. अर्थ चांगला, पण अक्षरं ११ भरतात आणि तिसरं अक्षर ‘व’ लघु पडतं, म्हणून सोडलं. शेवटी ‘बैलगाडी’ आणता आली असती. पण वाडी–झाडीचंच यमक पुन्हा आलं असतं आणि मूळ कडव्याची नक्कल वाटली असती. ‘ओसरी’ मात्र मुद्दाम ठेवली, दोन्ही कडवी एकाच घरातली वाटावीत म्हणून.

वहीत उतरवताना ‘येति’ची वेलांटी ऱ्हस्वच ठेवा. शुद्ध रूप ‘येती’ आहे, पण दहावं अक्षर लघु लागतं आणि जुन्या वळणाच्या कवितेत ही सूट चालते. कुणी ती ‘सुधारली’, तर ओळ तिथेच अडखळेल.